ब्युरेटच्या चुका वजाबाकीत जात नाहीत

«टायट्रेशनमध्ये शेवटच्या रीडिंगमधून सुरुवातीचं रीडिंग वजा करतो, म्हणजे दोन्हींतल्या चुकाही वजा होतात. वर तीन टायट्रेशन केली की उरलीसुरली चूक तिप्पट कमी. मग ब्युरेट वाचण्याच्या चुकीचा हिशेब कशाला? सोबत माझ्या निरीक्षण तक्त्याचा फोटो, तुम्हीच बघा.»

फोटोत चार रीडिंग आहेत, मिलिलिटरमध्ये: 0.40, 12.65, 24.85 आणि 37.15. ब्युरेट एकदाच भरली आणि प्रत्येक टायट्रेशन आधीचं जिथे संपलं तिथून पुढे सुरू केलं. म्हणून फरक येतात 12.25, 12.20 आणि 12.30, सरासरी 12.25.

आधी वजाबाकीचं बघू. ब्युरेटवर खुणा 0.1 मिलिच्या असतात, मधलं अंतर आपण अंदाजानं वाचतो. या अंदाजाचं प्रमाण विचलन 0.03 मिलि धरू. सुरुवातीला डोळ्यानं थोडं जास्त वाचलं म्हणून शेवटीही जास्तच वाचलं जाईल, असं काही नसतं. एकदा जास्त आणि एकदा कमी वाचलं तर फरकातली चूक उलट वाढते. म्हणून रीडिंग एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर वजाबाकीतही व्हेरियन्सची, म्हणजे प्रमाण विचलनाच्या वर्गाची, बेरीजच होते:

Var(B − A) = Var(B) + Var(A)

वजाचं चिन्ह वर्गात नाहीसं होतं, एवढंच त्यामागचं कारण. इथे 0.0009 + 0.0009 = 0.0018, त्याचं वर्गमूळ सुमारे 0.042 मिलि. म्हणजे एका फरकातली चूक एका रीडिंगच्या चुकीपेक्षा मोठी आहे. काही जण दुसऱ्या टोकाला जाऊन सरळ 0.03 + 0.03 = 0.06 धरतात. दोन्ही चुका दर वेळी एकमेकींना वाढवणाऱ्याच निघाल्या तर ते बरोबर ठरेल, पण स्वतंत्र चुका तसं वागत नाहीत.

वजाबाकीत खरोखर जाते ती दोन्ही रीडिंगमध्ये सारखीच असलेली चूक. ब्युरेटच्या खुणा सगळ्याच 0.1 मिलिनं सरकलेल्या असतील तर फरकाला त्याची झळ लागत नाही. शिक्षक ‘शून्याची चूक जाते’ म्हणतात ते याच अर्थानं, आणि ते खरं आहे. डोळ्याच्या अंदाजाची चूक मात्र दर वेळी नवी असते.

आता तीन टायट्रेशनचं. स्वतंत्र मोजमापांच्या सरासरीत चूक तीनानं नाही, √3 नं कमी होते. तीन फरक स्वतंत्र असते तर 0.042 चं 0.024 झालं असतं. पण या तक्त्यात ते स्वतंत्र नाहीत, आणि माझ्या मते या पानावरची सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे. 12.65 पहिल्या फरकात अधिक चिन्हानं येतं, दुसऱ्यात वजा चिन्हानं. 24.85 चंही तसंच. तिन्ही फरकांची बेरीज केली की मधली दोन्ही रीडिंग गळून पडतात आणि सरासरी उरते (37.15 − 0.40) ÷ 3. तिचा व्हेरियन्स 0.0018 ÷ 9 = 0.0002, प्रमाण विचलन 0.014. म्हणजे वाचनाची चूक इथे खरंच तिप्पट कमी झाली, पण ती ब्युरेट मध्ये न भरल्यामुळे. दर टायट्रेशनला पुन्हा भरून नवं सुरुवातीचं रीडिंग घेतलं असतं तर 0.024 वरच थांबलो असतो.

शिवाय एक चूक वाचनाची नाहीच. रंग बदलला असं आपण ठरवतो तेव्हा एखादा थेंब जास्त पडलेला असतो, आणि थेंब सुमारे 0.05 मिलिचा. दर टायट्रेशनमध्ये हे कमीजास्त होण्याचं प्रमाण विचलन 0.03 धरलं तर सरासरीत त्याचा व्हेरियन्स 0.0009 ÷ 3 = 0.0003. ही चूक प्रत्येक टायट्रेशनची वेगळी असल्यानं तिला साखळीचा फायदा मिळत नाही. एकूण 0.0002 + 0.0003 = 0.0005, वर्गमूळ 0.022. तक्त्याखाली लिहायचं ते 12.25 ± 0.02 मिलि.

फोटोबद्दलही सांगायला हवं. 24.85 मधल्या 8 वर पाण्याचा डाग आहे, तो सहज 3 वाटतो. 24.35 वाचलं तर फरक होतात 12.25, 11.70, 12.80: एक बरोबर 0.50 नं खाली, शेजारचा तेवढाच वर, आणि सरासरी मात्र तीच 12.25. अर्धा मिलि म्हणजे 0.042 च्या दहापटीहून जास्त, त्यामुळे ही अंदाजाची चूक नव्हे, अंक चुकीचा वाचलाय. तिला व्हेरियन्सच्या हिशेबात जागा नाही. पण शेवटचं 37.15 जर 37.75 वाचलं गेलं, तर फक्त तिसरा फरक 12.90 होतो, शेजारी त्याला तोलणारं काही नसतं आणि सरासरी 12.45 वर जाते. म्हणून पहिलं आणि शेवटचं रीडिंग फोटोवरून घेऊ नका, वहीतल्या मूळ पानावरून ताडून घ्या.