दगडी कमान दिसली की लगेच युरोप?

"नदी-कालव्याच्या फोटोवरून जागा आणि काळ ओळखणं सोप्पंय. दगडी कमानींचा पूल म्हणजे युरोप आणि 1900 च्या आधीचा, दगडी धरण म्हणजे ब्रिटिशांनी बांधलेलं, काँक्रीटचं अस्तर असलेला कालवा म्हणजे हल्लीच खणलेला."

असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात, पण हे तिन्ही ठोकताळे फसवे आहेत. पुलाचं आधी घेऊ, कारण सगळ्यात जास्त लोक तिथेच फसतात. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात लेक हवासू सिटी आहे, तिथे पाण्यावर पाच कमानींचा ग्रॅनाइटचा पूल उभा आहे आणि नुसता पूल क्रॉप करून दिला तर कोणीही लंडनच म्हणेल. चूकही नाही म्हणा, तो 1831 चा लंडन ब्रिजच आहे, 1968 मध्ये विकला गेला, दगडांना नंबर टाकून तिकडे नेला आणि 1971 ला परत उभा राहिला. पण आत आरसीसीचा सांगाडा, बाहेरून जुन्या दगडांचं नुसतं आवरण, आणि कहर म्हणजे पूल कोरड्या जमिनीवर बांधला नि खालून पाणी जायला चॅनल नंतर खणला! म्हणजे दगड एका देशाचे, पाणी दुसऱ्या देशाचं आणि काळ तिसराच. इथे जागा सांगतात ते मागचे उघडेबोडके डोंगर.

म्हणून दगडी पूल दिसला की फोटो झूम करून कमानीच्या पोटाखाली बघायचं. खऱ्या दगडी कमानीत दर्शनी दगडांचे सांधे आत पोटातही तसेच जाताना दिसतात, आणि तिथे सपाट काँक्रीट किंवा शटरिंगच्या फळ्यांचे आडवे व्रण दिसले तर दगड फक्त चेहऱ्याला आहे असं समजा.

धरणाचं तर काय बोलणार, नागार्जुनसागर दगडी आहे, सव्वाशे मीटरच्या आसपास उंच आहे, आणि काम 1955 ला सुरू झालं, म्हणजे ब्रिटिश जाऊन आठ वर्षं झाली होती. धरणाचा आकार देशापेक्षा दरीबद्दल जास्त सांगतो. कमानीचं धरण पाण्याचा जोर दोन्ही काठांवर ढकलतं, त्यामुळे त्याला अरुंद घळ आणि भक्कम खडक लागतो. पसरट खोऱ्यात बहुतेक वेळा मातीचा लांब बांधच दिसेल.

आता अस्तर. कॅलिफोर्नियातला ऑल-अमेरिकन कालवा 1940 पासून वाहतोय, कच्चा मातीचा, पाणी झिरपून वाया जायचं. 2009 च्या सुमारास 37 किलोमीटरच्या पट्ट्यात जुन्याला समांतर काँक्रीटचा नवा कालवा केला, बाकी बराच कालवा मातीचाच राहिला. म्हणजे एकाच कालव्याचे दोन फोटो, एकात काठ ढासळलेला नि गवत पाण्यापर्यंत आलेलं, दुसऱ्यात दोन्ही बाजू एकसारख्या उताराच्या नि ठराविक अंतरावर जॉइंटच्या रेघा. त्यावरून कालव्याचं वय काढलंत तर गंडलात, फार तर त्या तुकड्याचा फोटो अस्तर झाल्यानंतरचा आहे एवढंच म्हणता येईल.