सहाव्या वर्षी येणारी दाढ खडूसारखी का निघते: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

«मुलांच्या दाढा पिवळ्या पडून खडूसारख्या झडत असतील तर घाबरू नका. ते दुधाचेच दात आहेत, पडून नवे येतील. कॅल्शियम कमी आणि चॉकलेट जास्त झालं की असं होतं, रोज कॅल्शियमची गोळी द्या. डाग फ्लोराइडच्या पेस्टमुळे येतात, ती आजच बंद करा. डेंटिस्टकडून कॅप बसवून घेऊ नका, दाढ काढून टाका, मागची दाढ आपोआप जागा घेते. सगळ्या आयांना पाठवा.»

मी लहान मुलांच्या दातांवर उपचार करते. हा मजकूर एका आईने मला मोबाइलवर दाखवला, तेव्हा तिची पावणेसात वर्षांची मुलगी खुर्चीत तोंड घट्ट मिटून बसली होती. चार महिने गोळ्या चालू होत्या, पेस्ट बंद होती, आणि मुलगी फक्त डाव्या बाजूने जेवत होती. उजवीकडे ब्रश लागला की ती रडत असे, म्हणून तिथे ब्रश फिरवणेच घरच्यांनी सोडून दिले होते. अशा दाढेवर हवेचा फवारा मारला तरी कळ जाते, म्हणून मी ती कापसाने टिपून पाहिली. खालच्या उजव्या दाढेवर पिवळट तपकिरी रंगाचा, स्पष्ट कडा असलेला डाग होता आणि तिचा एक उंचवटा तुटून खरखरीत झाला होता. डाव्या दाढेवर सायीच्या रंगाचा डाग होता, पण ती अखंड होती. वरच्या दोन्ही दाढा स्वच्छ होत्या, आणि वरच्या एका पटाशीच्या दातावर मुगाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका होता. दाढा आणि पटाशीचे दात यांच्या या दोषाला मोलर इन्सायझर हायपोमिनरलायझेशन, थोडक्यात एमआयएच, म्हणतात. हे नाव २००१ साली सुचवले गेले; जगभरच्या पाहण्यांचे एकत्रित आढावे घेतले तर तो साधारण १३ ते १४ टक्के मुलांमध्ये आढळतो.

जबड्याच्या मधल्या रेषेपासून मागे दात मोजत गेले की ही दाढ कोणती ते घरच्या घरी कळते. प्रत्येक बाजूला दुधाचे दात पाचच असतात, त्यामुळे सहावा दात दिसला की तो कायमचा असतो. तो दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, कोणताही दात न पडता, सहाव्या-सातव्या वर्षी उगवतो, म्हणून तो आल्याचे घरात बहुधा कोणाच्या लक्षातही येत नाही. तो पडला तर त्याच्या जागी दुसरा येत नाही. दुधाच्या पाचव्या दातावर, म्हणजे दुधाच्या शेवटच्या दाढेवर, मात्र कधी कधी असाच सायीच्या किंवा पिवळट रंगाचा डाग असतो, आणि ज्या मुलांमध्ये तो असतो त्यांच्या या सहाव्या दातात हा दोष निघण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी अधिक असते. म्हणजे दुधाच्या दाताकडे दुर्लक्ष करण्याचा सल्ला तेथेही चुकीचाच ठरतो, कारण आगाऊ सूचना तिथूनच मिळते.

आता कारणाकडे वळू. पहिल्या कायमच्या दाढेचे इनॅमल, म्हणजे वरचे कठीण आवरण, जन्माच्या सुमारास घडू लागते आणि तिचा दिसणारा भाग साधारण तीन वर्षांपर्यंत पूर्ण होतो. हे काम दोन टप्प्यांत होते. आधी पेशी प्रथिनांचा साचा टाकून इनॅमलला पूर्ण जाडी आणि आकार देतात. नंतर ती प्रथिने हळूहळू काढली जातात आणि त्यांच्या जागी खनिजाचे स्फटिक भरीव होत जातात, इतके की निरोगी इनॅमल वजनाने सुमारे ९५ टक्के खनिज असते. एमआयएचमध्ये पहिला टप्पा नीट पार पडतो, पण दुसरा अडखळतो. घराचा स्लॅब ओतला, पण पुढे दिवसेंदिवस त्यावर पाणी मारलेच नाही, तर त्याची जाडी आणि आकार बरोबर दिसतात, आणि वापर सुरू झाला की पृष्ठभागाची भुकटी निघू लागते; या दाढेचे तसेच होते. प्रथिने आत राहून जातात, खनिज कमी पडते, सच्छिद्र इनॅमलमधून थंडपणा आणि जिवाणू आतल्या नसेपर्यंत सहज पोहोचतात, आणि चावण्याचा भार पडला की उंचवटे तुटतात. थंड पाण्याने कळ येणे, त्या बाजूने न जेवणे आणि त्या बाजूला ब्रश न फिरणे हे सगळे एकमेकांत असे गुंतलेले असते.

दाढ हिरडीबाहेर येते त्या वेळी इनॅमल बनवणाऱ्या पेशी उरलेल्याच नसतात आणि इनॅमलमध्ये रक्तवाहिन्याही नसतात. म्हणून सातव्या वर्षी गिळलेल्या गोळीतले कॅल्शियम रक्तातून तिथपर्यंत पोहोचून भोके बुजवणार कसे? आहारातली उणीव हे सरळ कारण असते तर एकाच वेळी घडणाऱ्या चारही दाढा सारख्याच बिघडायला हव्या होत्या. प्रत्यक्षात या मुलीसारखी एक दाढ तुटलेली, एक डागाळलेली आणि दोन स्वच्छ, असे चित्र नेहमी दिसते. चॉकलेटचा आरोपही डागाच्या जागेवरूनच गळून पडतो. कीड प्रामुख्याने खाचांत आणि दोन दातांच्या मधे सुरू होते, हा डाग मात्र उंचवट्यांवर आणि गुळगुळीत बाजूंवर असतो, आणि दाढ उगवताना तो आधीपासूनच तेथे असतो. इनॅमल तुटल्यानंतर मात्र गोड पदार्थ चिकटले की त्या दाढेला कीड फार वेगाने लागते, हे मान्यच करायला हवे.

नेमके काय अडखळले, याचे एकच उत्तर आज कोणाकडे नाही. पहिल्या तीन वर्षांतले वारंवारचे ताप आणि न्यूमोनियासारखे आजार, बाळंतपणातल्या अडचणी आणि आनुवंशिकता यांचा संबंध अभ्यासांत दिसतो. अँटिबायोटिकचे नावही येते, पण औषध नेहमी आजारासोबतच दिलेले असल्याने दोष कोणाचा हे वेगळे करता येत नाही. या मुलीला पहिल्या वर्षात दोनदा न्यूमोनियासाठी रुग्णालयात ठेवावे लागले होते. तिच्या आईने मला तीन वेळा विचारले की गरोदरपणात तिने दूध कमी घेतले म्हणून हे झाले का. त्याला कोणताही आधार नाही, हे मी तिला तीनही वेळा सांगितले. अशा संदेशांमुळे आईच्या मनावर जे ओझे पडते ते मला फार सलते.

फ्लोराइडचे डाग वेगळे असतात आणि ते आपल्याकडे खरोखरच आढळतात. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील ज्या गावांत विंधनविहिरीच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथे मुलांच्या अनेक दातांवर, दोन्ही बाजूंना सारख्या, कडा अस्पष्ट असलेल्या पांढुरक्या रेघा दिसतात. ते डाग पोटात गेलेल्या फ्लोराइडचे असतात. एमआयएचचा डाग एखाद्या-दुसऱ्या दाढेवर, नकाशातल्या देशासारखा स्पष्ट सीमेचा असतो, आणि कळ येणारी दाढ बहुतेक वेळा तीच असते. अशा गावातल्या मुलाला दोन्ही दोष असू शकतात. त्याने पेस्ट गिळू नये याकडे लक्ष ठेवावे आणि पिण्याचे पाणी बदलावे. बाकी मुलांची पेस्ट थांबवणे म्हणजे कमकुवत दाढेचे असलेले संरक्षण काढून घेणे. ट्यूबवर १००० पीपीएम फ्लोराइड लिहिले आहे का ते पाहावे, कारण मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पेस्टमध्ये ते कमी असते किंवा नसतेच. वाटाण्याएवढी पेस्ट, दिवसातून दोनदा, कोमट पाणी, आणि नंतर चूळ भरभरून धुऊन न टाकता नुसते थुंकणे, एवढे या मुलीला सांगितले. कोमट पाण्याने कळ कमी झाली आणि आठवड्याभरात ती उजवीकडेही ब्रश फिरवू देऊ लागली.

तिच्या चारही दाढांना मी ५ टक्के सोडियम फ्लोराइडचे व्हार्निश लावले आणि दर तीन महिन्यांनी ते पुन्हा लावायचे ठरले. डाव्या दाढेचा मागचा भाग अजून हिरडीखाली होता. तिथे लाळ थांबवता येत नाही, म्हणून खाचा बुजवणारे नेहमीचे रेझिनचे सीलंट टिकले नसते. त्याऐवजी ओलावा चालणाऱ्या ग्लास आयोनोमर सिमेंटने तिच्या खाचा आणि डाग झाकले. दाढ पूर्ण वर आली की त्या जागी रेझिनचे सीलंट बसेल.

उजव्या दाढेत आधी एकदा भरलेले सिमेंट दोन महिन्यांत निघून गेले होते. त्याची कड डागाळलेल्या भुसभुशीत इनॅमलवरच टेकली होती, आणि अशा इनॅमलला भरणाचे साहित्य धरून राहत नाही; कड निरोगी इनॅमलवर नेता आली तरच भरण टिकते. येथे तसे इनॅमल फारसे उरले नव्हते. रात्री झोपेतून उठवणारा ठणका नव्हता, एक्स-रेमध्ये मुळाशी सूज नव्हती, त्यामुळे मी स्टीलची कॅप बसवली. आधी दोन दिवस पुढच्या दाताच्या फटीत रबराची छोटी रिंग ठेवून जागा केली. मागे अजून दाढच नसल्याने दुसरी रिंग लागली नाही. अशा दाढेतली नस आधीच चिडलेली असते आणि भुलीचे इंजेक्शन तिला नेहमीपेक्षा कमी लागू पडते, म्हणून इंजेक्शननंतर पुरेसा वेळ थांबून, ओठ पूर्ण बधिर झाल्यावरच काम सुरू केले. दाढ फारशी न कोरता कॅप सिमेंटने बसवली. चावताना ती काही दिवस उंच लागते, मग दात आपोआप जुळवून घेतात. ही कॅप वाढीच्या वयापुरती असते, मोठेपणी ती बदलावी लागते.

काढण्याबद्दलच्या वाक्यात थोडे तथ्य आहे आणि म्हणूनच ते घातक आहे. जी दाढ वाचवण्यासारखी नसते ती आम्हीही काढतो, पण खालच्या जबड्यात त्यासाठी साधारण ८ ते १० वर्षांचा काळ पाहतो, जेव्हा मागच्या दुसऱ्या दाढेची मुळे फुटू लागलेली एक्स-रेमध्ये दिसतात. त्या वेळी काढली तर मागची दाढ पुढे सरकून येण्याची शक्यता चांगली असते. फार उशिरा काढली तर ती तिरकी झुकते, फट राहते आणि अन्न अडकते. वरच्या जबड्यात निभावते, खाली नाही. मागची दाढ आणि अक्कलदाढ आहेत ना, चावा कसा आहे, हे पाहून ऑर्थोडोंटिस्टसोबत हा निर्णय घ्यायचा असतो. या मुलीची दुसरी दाढ अजून नुसती घडत होती, म्हणून साडेआठव्या वर्षी पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढायचे ठरले. तोवर कॅप तिला जेवू देईल.

सहा आठवड्यांनी ती आली तेव्हा उजवीकडून भाकरी चावत असल्याचे तिने स्वतःच सांगितले. आईसोबत चार वर्षांचा धाकटा भाऊ होता. मी त्यालाही खुर्चीत बसवून पाहिले, तर त्याच्या दुधाच्या शेवटच्या दाढेवर सायीच्या रंगाचा, स्पष्ट कडेचा डाग निघाला. त्याला व्हार्निश लावले आणि साडेपाचव्या वर्षापासून त्या दाढेच्या मागची हिरडी आईने महिन्यातून एकदा टॉर्चने पाहायची, पांढरे टोक दिसले की त्याच आठवड्यात त्याला घेऊन यायचे, असे ठरले.