आयबीएस आणि कांदा-लसूण: एक खुलासा

“आयबीएस असेल तर कांदा, लसूण, डाळी जन्मभर बंद. नुसता वास लागला तरी पोट फुगतं!”

नाही. आयबीएस म्हणजे पोटदुखी, पोट फुगणं आणि शौचाच्या तक्रारी असलेला आतड्याचा जुनाट त्रास. त्यासाठीच्या लो-फॉडमॅप आहारात, म्हणजे आतड्यात आंबून गॅस करणारी कर्बोदकं कमी केलेल्या आहारात, बंदीचा टप्पा फक्त 2 ते 6 आठवड्यांचा असतो. नंतर एकेक पदार्थ परत आणून बघायचा, आणि नेमकं तेच बहुतेक जण विसरतात.

वासाचं म्हणाल तर, त्रास देतात ती फ्रुक्टॅन्स, म्हणजे कांदा-लसणातली अशीच कर्बोदकं. ती पाण्यात विरघळतात, तेलात नाही. म्हणून फोडणीच्या तेलात अख्ख्या पाकळ्या तांबूस करून काढून टाकल्या तर स्वाद राहतो, फ्रुक्टॅन्स पाकळीसोबत जातात. आमटीत उकळलेला कांदा मात्र वेचून काढून उपयोग नाही, ती पाण्यात उतरलेली असतात. पातीच्या कांद्याची हिरवी पात चालते.

कोथरूडच्या आमच्या एका काकूंनी आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने आधी लसूण तपासला: पहिल्या दिवशी पाव पाकळी, दुसऱ्या दिवशी अर्धी, तिसऱ्या दिवशी एक. बाकी जेवण लो-फॉडमॅपच. एका पाकळीला पोट फुगलं, अर्धीला नाही. मग 3 दिवस विश्रांती घेऊन कांदा, वेगळा. (दोन्ही एकदम घातले असते तर दोष कुणाला देणार?) डाळीत त्रास गॅलॅक्टन्स या दुसऱ्या कर्बोदकांचा, म्हणून ती चाचणी स्वतंत्र. भिजवून, ते पाणी फेकून मग शिजवलेली मूगडाळ त्यांना अर्धी वाटी सोसते. छोले नाहीत.

शौचातून रक्त किंवा विनाकारण वजन घट असेल तर हे प्रयोग नकोत, आधी डॉक्टर.