सांधे जुळेनात

आमच्या हॉलची फरशी मी तीन रात्रींत बदलली. सिमेंट लागलं नाही, धूळ उडाली नाही, खालच्या मजल्यावरचे काका भांडायला आले नाहीत. फक्त फोटोत बदलली.

झालं असं, की जुनी लालसर मोझेक फरशी काढून दोन बाय दोनच्या पांढऱ्या व्हिट्रिफाइड टाइल्स बसवायचं घाटत होतं. दुकानात एक टाइल हातात धरून अख्खा हॉल कसा दिसेल, ते बायकोला कळेना. मी बेसावधपणे बोलून गेलो, "त्यात काय, फोटोशॉपमध्ये दाखवतो की!"

पहिल्या रात्री टाइलचा फोटो शेजारी-शेजारी चिकटवून जुन्या फरशीवर पसरला. आईनं चष्मा लावून पाहिलं. "अरे, फरशी भिंतीवर चढत्येय का? आणि सोफ्याला सावली कशी नाही? भुताचा आहे का?"

दोन्ही आरोप खरे होते. खोलीतले समांतर सांधे फोटोत समांतर राहत नाहीत, रेल्वेच्या रुळांसारखे दूरवर एका बिंदूकडे धावतात. त्यासाठी फोटोशॉपात व्हॅनिशिंग पॉइंट नावाची सोय आहे. जमिनीवर चार कोपरे टिचकवायचे, की त्यांच्यात जाळी तयार होते. जाळी निळी झाली तर हिशेब जमला, पिवळी किंवा लाल झाली तर कोपरे पुन्हा सरकवा. मी टीव्हीखालची एकच लांबची फरशी धरून चार कोपरे मारले. जाळी निळी झाली. पण तिथं केसभर चुकलेलं दारापर्यंत येईतो वीतभर झालं आणि हॉलला उतार आला.

मग उजेड पडला, की अंगाखालची जुनी फरशीच माझी फूटपट्टी आहे! मोझेक एक फुटी. सहा बाय सहा फरश्यांचा मोठा चौकोन मोजून त्याच्या चार कोपऱ्यांवर जाळी बसवली. हॉल दहा बाय अकरा फूट, म्हणून टाइल्सची चादर वेगळी तयार केली: प्रत्येक टाइल ४०० पिक्सेल आणि मधला सांधा दोन पिक्सेल, म्हणजे प्रत्यक्षात साधारण तीन मिलिमीटर. ही चादर कॉपी करून जाळीत सोडली, की ती आपोआप आडवी होते. माप मात्र आपल्यालाच ताणून जुळवावं लागतं. टाइल दोन फुटी, म्हणून नवा प्रत्येक सांधा जुन्या एकाआड एक सांध्यावर बसायला हवा.

"अहो, सांधे जुळले का?" बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"कुठले जुळतायत," गुडघ्याला तेल चोळत आई म्हणाली.

माझे रात्री एकला जुळले. सोफा, टीपॉय, दोन खुर्च्या कातरून वर ठेवल्या. राहिली सावली.

युक्ती सोपी वाटली. मूळ फरशीची प्रत घ्यायची, रंग काढून टाकायचा (नाहीतर पांढऱ्या टाइलवर गुलाबी छटा येते), नव्या फरशीवर ठेवून मल्टिप्लाय करायचं. त्यात पांढरं ते अदृश्य होतं आणि काळं तेवढं उरतं. म्हणून लेव्हल्समध्ये उघडी फरशी जवळजवळ पांढरी होईपर्यंत उजळायची. उजळली. सोफ्याखाली सावली आली आणि तिच्यासोबत मोझेकचे खडे, जुने सांधे आणि गेल्या दिवाळीतला तेलाचा डागही आला. संगणकाला सावली काय नि डाग काय, दोन्ही काळेच. नव्या टाइल्सना देवी आल्यासारखं दिसत होतं.

सावलीचा थर धूसर केला. खडे गेले, डाग गेला, पण पायाला चिकटलेली ती बारीक गडद रेघही गेली. फर्निचर जमिनीवर टेकलेलं वाटतं ते त्या रेघेमुळेच, हे टीपॉय दोन इंच हवेत तरंगल्यावर कळलं. तिसरी रात्र त्यात गेली. पसरट सावली धूसर थरातून घेतली आणि पायांखालच्या रेघा वेगळ्या थरावर बारीक ब्रशनं हातानं काढल्या. सोळा पाय! एवढ्या पायांना मी आयुष्यात कधी हात लावला नव्हता.

बायकोनं फोटो पाहिला. दोनदा मोठा करून पाहिला आणि काहीच बोलली नाही, हे आमच्याकडे उत्तीर्ण समजतात.

रविवारी मिस्त्री आला. मी अभिमानानं मोबाइल पुढे केला. त्यानं टीपॉयचे पाय निरखले, सांधे बोटानं मोजत दारापर्यंत आला आणि थांबला. अकरा फुटांत पाच टाइल्स बसल्यावर उरलेला फूटभर तुकडा मी दारात काढला होता.

"काम साफ आहे, साहेब," तो म्हणाला, "पण कट पीस कोणी दारात लावतं का? दारात अख्खी टाइल, तुकडा सोफ्याखाली. कुठला मिस्त्री होता हा? आणि फरशी झालीच आहे, तर मला कशाला बोलावलंत?"