पहिल्या महिन्यात उडीद घ्या, शहाजिरं नंतर

माझ्या भाचीचं लग्न झालं आणि दोघांनी जळगावात खोली घेतली. सामान भरायच्या आदल्या दिवशी तिने मला यादी दाखवली. कुठल्याशा व्हिडिओवरून उतरवलेली, सदतीस वस्तू. सात डाळी, राजमा, छोले, मैदा, रवा, कॉर्नफ्लोअर, शहाजिरं, जायपत्री, चाट मसाला, पावभाजी मसाला, आणखी तीन तयार मसाल्यांची पाकिटं. किराण्याला पैसे होते दीड हजार. तेल, चहा-साखर आणि भाजी वेगळी धरली होती, तरी दीडच हजार.

मी तिला विचारलं, "येत्या आठ दिवसांत काय काय रांधणार, ते सांग." ती म्हणाली, "वरण-भात, भाकरी, पिठलं, कढी, शेवभाजी, उडदाची डाळ." मग मी म्हटलं, "एवढ्याला जे लागतं तेच घे, बाकी सगळं खोड." खोडायला सुरुवात केली तर बारा वस्तू उरल्या.

माझं मत इथेच सांगते. आपल्या खानदेशात कमी पैशांत घर लावायचं असेल तर तूर डाळीनंतर दुसरा मान अख्ख्या काळ्या उडदाचा आहे. मसूर, मूग, हरभरा डाळ सगळं त्याच्या मागून. कारण उडीद डाळही होतो आणि पीठही होतो. लसणाची फोडणी दिलेली उडदाची डाळ एका वेळेला पुरते, आणि ज्वारीत मिसळून दळला की कळण्याची भाकरी होते. त्या भाकरीसोबत ठेचा, कच्चा कांदा आणि तेल असलं तरी जेवण होतं, भाजीचा खर्च वाचतो. शिवाय नव्या हाताला कळणं सोपं जातं. उडदाच्या चिकटपणामुळे पीठ धरून राहतं, कडा फाटत नाहीत. नुसत्या ज्वारीची भाकरी थापताना रडलेल्या पोरी मी पाहिल्या आहेत. त्यातली एक मीच.

प्रमाण आमच्या घरी चारास एक. दोन किलो दादर ज्वारी, त्यात अर्धा किलो उडीद, चमचाभर मेथीदाणे आणि थोडं मीठ. उडीद ओल्या फडक्याने पुसून उन्हात पूर्ण वाळवायचे आणि मग चक्कीवर द्यायचं. ओल राहिली तर पीठ गोळे धरतं आणि लवकर वास मारतं.

दुसरा हट्ट माझा पिठाबद्दल. दुकानातून पाच किलो तयार पीठ आणू नका, धान्य आणा. मी हे पैसे घालवून शिकले. माझ्या संसाराच्या पहिल्या उन्हाळ्यात, धुळ्याला, स्वस्त मिळतंय म्हणून पाच किलो बाजरीचं तयार पीठ घेतलं. आठवडा बरा गेला. मग भाकरी कडू लागायला लागली. मला वाटलं तवा जळतोय, नवऱ्याला वाटलं मीठ खराब आहे. बाजरीत तेलाचा अंश जास्त असतो. दळली की तो हवेला उघडा पडतो आणि उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत पीठ खवट होतं. चिमूटभर कोरडं पीठ जिभेवर ठेवलं की कळतं, भाकरी करून बघायची गरज नाही. तीन किलो पीठ गाईला गेलं. ज्वारीचं पीठ इतकं लवकर कडू होत नाही, पण त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी तव्यावर टाकेपर्यंत तुटते. तेव्हा पीठ उकळत्या पाण्यात उकडून घेतलं तर काम भागतं. कडूपणा मात्र उकडून जात नाही.

म्हणून भाचीला पाच किलो दादर आणि पाच किलो गहू घ्यायला लावले, आणि दळायला एका वेळी अडीच किलोच. दोघांना रोज एका जेवणाला चार भाकरी, एका भाकरीला साधारण ऐंशी ग्रॅम पीठ, म्हणजे अडीच किलो कळणं आठ दिवस चालतं. एवढंसं दळण बघून चक्कीवाला तोंड वाकडं करतो, ते चालायचं. बाजरी थंडी पडल्यावर घ्यायची असं ठरलं.

तयार पिठात फक्त बेसन घेतलं, अर्धा किलो. पिठलं, कढी, डुबुकवडे, पाटवड्या, चारही त्याच्यावर निघतात. घरी भाजी नसेल त्या दिवशी हाच डबा हाताशी येतो.

तूर डाळ एक किलो. ती पहिल्याच आठवड्यात रडवून गेली. भाचीचा फोन आला, "मावशी, दाय शिजनीच नही!" पाच शिट्ट्या झाल्या तरी दाणा दाण्यापाशी. ती दुकानदाराशी भांडायच्या तयारीत होती. मी विचारलं, पाणी कुठलं? बोअरचं. तिथेच घोडं अडलं होतं. जड पाण्यात डाळ मऊ होत नाही, दाणा कडकच राहतो. मी म्हटलं, प्यायच्या पाण्यात अर्धा तास भिजव, त्यातच शिजव, आणि चिंच-टमाटा शिजल्यावर घाल. दुसऱ्या दिवशी तीच डाळ तीन शिट्ट्यांत गळली. पाणी बदलूनही शिजत नसेल तर मात्र डाळ जुनी समजायची. म्हणून पहिल्यांदा नव्या दुकानातून पाव किलो आणून शिजवून बघावी, हे मी तिला सांगायला विसरले, ते इथे सांगते.

मसाल्यात सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, कारण तिथे थोडं थोडं करत डबा भरतो आणि वास उडून जातो. जिरे, मोहरी, हळद शंभर-शंभर ग्रॅम, हिंगाची सगळ्यात लहान डबी, लाल तिखट पाव किलो. तिखट नंदुरबारच्या मिरचीचं सुटं मिळालं तर उत्तम. पेलाभर पाण्यावर चिमूट टाकून बघायची. रंगाच्या रेघा सरळ खाली उतरत गेल्या तर ते तिखट परत.

काळा मसाला विकत घेऊच दिला नाही. दगडफूल, शहाजिरं, लवंग, तमालपत्र पन्नास पन्नास ग्रॅम आणलं तरी बिल फुगतं, आणि दोन माणसांना तो मसाला वर्षभर संपत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात वर्षाचा मसाला होतोच, त्यातला पाव किलो बरणीत घालून दिला. ज्यांच्या मागे अशी मावशी नाही त्यांनी शंभर ग्रॅमचं तयार पाकीट घ्यावं, त्यात कमीपणा नाही. कांदा-खोबरं भाजून वाटलं की शेवभाजीला पुरेसा रंग येतो.

अर्धा किलो शेंगदाणे आणि मीठ धरून, दळणासकट हिशोब साडेअकराशेच्या आत बसला. उरलेल्या पैशांना हात लावायचा नाही, असं बजावून मी अमळनेरला परतले.

तिसऱ्या आठवड्यात तिचा फोन. बेसन संपलं होतं, दादर दोन दिवसांची उरली होती, गहू मात्र अर्धे तसेच. जावयांना भाकरीच लागते म्हणे, पोळी नको. म्हणजे पुढच्या महिन्यात गहू तीन किलो, दादर आठ. उरलेल्या पैशांत काय घेऊ, मूग की मसूर, असं तिने विचारलं. मी मठ, म्हणजे मटकी, सांगितले. मोड आणले की पाव किलोची उसळ दोघांना दोन दिवस जाते. शहाजिऱ्याचं तिने परत एकदा विचारून पाहिलं.