चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला: तुर्कीतली फोननोंदणी

बाहेरून आणलेला फोन तुर्कीत सरकारदरबारी नोंदवला नाही, तर काही दिवसांनी तिथलं सिम त्यात चालत नाही. म्हणजे पंधरा हजारांचा साधा फोन घेऊन इस्तंबूलला शिकायला जा आणि त्याच्या नोंदणीला लाखभर रुपये मोजा. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! 2025 मध्ये ही फी होती 45,614 लिरा. फोन पंधरा हजारांचा असो नाहीतर दीड लाखाचा, फी तेवढीच. त्याच वर्षी तिथला किमान पगार हातात पडायचा महिना 22,104 लिरा. म्हणजे दोन महिने राबा, ते कशासाठी, तर स्वतःच्याच फोनमध्ये तिथलं सिम चालावं म्हणून. 2023 च्या सुरुवातीला हीच फी 6,091 होती, हो!

बरं, पैसे आहेत म्हणून काम होतं का? छे. नोंदणी होते ई-देव्लेत या सरकारी पोर्टलवर, देशात शिरल्यापासून 120 दिवसांत. तिथे लॉगिन करायला 99 ने सुरू होणारा परदेशी नागरिक क्रमांक लागतो. तो मिळतो निवास परवान्यासोबत, आणि परवाना येतो त्याच्या लहरीने. 10 सप्टेंबरला उतरलेल्याची मुदत 8 जानेवारीला संपते. परवान्याचं कार्ड डिसेंबरात हातात पडलं, तर पोस्टात जाऊन पासवर्ड घेणं, फी भरणं, अर्ज करणं हे सगळं उरल्यासुरल्या दिवसांत उरका. परवान्याला उशीर त्यांचा, पण दिवस मात्र आपले मोजायचे. ही कुठली रीत?

सगळ्यात चीड येते ती पैसे आधी घेण्याची. कर खात्याकडे फी आधी भरा, मग पोर्टल सांगणार की तुम्ही अपात्र! कारण तीन कॅलेंडर वर्षांत माणशी एकच फोन नोंदवता येतो, आणि प्रवेशाचा शिक्का 120 दिवसांहून जुना असला तरी अर्ज फेटाळला जातो. मग परताव्यासाठी कर कार्यालयाचे उंबरे झिजवा. म्हणून आधी शिक्क्याची तारीख बघा, हक्क शिल्लक आहे का ते बघा, मगच पैसे भरा. नोंदणी होते ती फोनच्या ओळखक्रमांकाची, म्हणजे आयएमईआयची; `*#06#` दाबून दिसणारे ते आकडे उतरवून घ्या. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात, त्यातला एक राहून गेला तर तो स्लॉट मुका होतो.

मुदत टळली की तुर्की सिमचं नेटवर्क जातं, वायफाय मात्र चालू राहतं. त्यामुळे कित्येकांना वाटतं फोनच बिघडला, आणि ते दुकानात सिम बदलत बसतात. भारतीय सिम घालून बघा, रोमिंग सुरू असेल तर ते बिनदिक्कत चालतं. म्हणजे फोन धडधाकट आहे, तुर्की सिमपुरती बंदी घातलीय.

कोपऱ्यावरचा कोणी ‘आयएमईआय बदलून देतो’ म्हणाला तर तिथून निघा. तो दुसऱ्याच्या नोंदलेल्या फोनचा आकडा तुमच्या फोनवर चढवतो. गुन्हा तर आहेच, शिवाय एकच आकडा दोन फोनांवर दिसला की तुमचा पुन्हा बंद.

त्यापेक्षा तिथलाच एखादा स्वस्त नोंदलेला फोन घ्या, सिम त्यात टाका आणि त्याचा हॉटस्पॉट आपल्या फोनला जोडा. खिशात दोन फोन वागवत, दोन चार्जर सांभाळत फिरायचं. चांगला चालता फोन हातात असताना!