पॉइंट झीरो फाइव्ह एट

डेटाच्या नोकरीसाठी मुलाखतीला गेलं की एक बटण हमखास भेटतं. आधी ते निळं असतं, मग कुणीतरी ते हिरवं केलेलं असतं. अर्ध्या लोकांना निळं दाखवलं, अर्ध्यांना हिरवं. समोरचा माणूस खुर्चीत मागे रेलतो, पेन हातात फिरवतो आणि विचारतो, "निळ्याकडे १०,००० लोक आले, ५०० जणांनी खरेदी केली. हिरव्याकडे १०,००० आले, ५६० जणांनी केली. बोला, निकाल सिग्निफिकंट आहे का, म्हणजे हा फरक निव्वळ नशिबाचा नाही असं म्हणता येईल का?"

हे आकडे इतके नेटके असतात की संशय यावा. खऱ्या जगात मोजून बरोब्बर १०,००० माणसं कुठल्याही पानावर येत नाहीत. पण हा संशय आपण गिळायचा, कारण अजून फळ्याजवळ जायचंय. फळ्याजवळचे मार्कर तीन रंगांचे असतात आणि तिन्ही वाळलेले. त्यातल्या त्यात कमी वाळलेला उचलायचा आणि लिहायला लागायचं.

गणित अवघड नाही. ते लोकांसमोर, त्यांच्याकडे पाठ करून उभं राहून करणं अवघड आहे. निळं ५ टक्के, हिरवं ५.६ टक्के, फरक ०.६ टक्क्याचा, म्हणजे ०.००६. दोन्ही मिळून २०,००० लोकांत १,०६० खरेद्या, म्हणजे सरासरी ५.३ टक्के. आता फरकाचा स्टँडर्ड एरर काढायचा, म्हणजे निव्वळ नशिबाने हा फरक साधारण किती हलू शकतो ते, आणि मग झेड, म्हणजे आपला फरक त्याच्या किती पट आहे ते:

```
SE = sqrt(0.053 * 0.947 * 2 / 10000) ≈ 0.00317
z  = 0.006 / 0.00317 ≈ 1.89
```

इथे एक जीवघेणा टप्पा येतो. वर्गमुळाच्या आत ०.००००१ च्या आसपासची संख्या असते आणि दशांश चिन्हानंतरची शून्यं मोजताना पाठीमागे कुणीतरी हळूच खोकतं. एक शून्य इकडचं तिकडे झालं की हिरवं बटण मानवजातीचा सर्वांत मोठा शोध ठरतं. शून्यं नीट मोजली तर झेड येतो १.८९. आणि प्रत्येकाला पाठ असलेला आकडा आहे १.९६, झेड त्याच्या वर गेला तरच निकाल सिग्निफिकंट. पी-व्हॅल्यू येते ०.०५८, हवी असते ०.०५ च्या खाली.

मी वळून सांगतो, "पाच टक्क्यांच्या पातळीवर नाही."

खोलीत अशी शांतता पसरते की हिरवं बटण जणू समोर बसलेल्यांच्या घरातलंच. एक सर पुढे सरकतात. "पण अगदी थोडक्यात हुकलंय ना?" हुकलंय. "आणि हिरवं वाईट असेल असं तर कुणाला वाटत नव्हतं. मग दोन्ही बाजूंची टेस्ट कशाला? एकाच बाजूची घ्या." एका बाजूची घेतली की पी-व्हॅल्यू निम्मी, म्हणजे ०.०२९ होते आणि सगळ्यांचे चेहरे उजळतात. हा सापळा आहे की सरांची मनापासूनची इच्छा, हे चेहऱ्यावरून कळायला मार्ग नसतो. एका बाजूची टेस्ट हा गुन्हा नव्हे. फक्त ते प्रयोग सुरू व्हायच्या आधी लिहून ठेवलेलं असावं लागतं. निकाल ज्या बाजूला झुकला ती बाजू बघून मग "आम्हाला हीच बाजू हवी होती" म्हणायचं, म्हणजे बाण मारून झाल्यावर त्याच्याभोवती वर्तुळ काढायचं. असं दरवेळी केलं तर चुकून होकार देण्याची शक्यता ५ टक्के राहत नाही, १० होते. मी हे शक्य तितक्या गोड आवाजात सांगतो. सर काहीतरी लिहून घेतात. काय लिहितात ते कधीच दिसत नाही.

मग मॅडमना व्यवहारी तोडगा सुचतो. "अहो, आणखी दोन दिवस चालू ठेवू. ०.०५ च्या खाली आलं की थांबू."

या वाक्याइतकं निरागस आणि घातक वाक्य या धंद्यात दुसरं नाही. पी-व्हॅल्यू ही एकदाच बघायची गोष्ट आहे. ती रोज डॅशबोर्डवर येते, रोज वरखाली होते, आणि खाली दिसेल त्या दिवशी थांबायचं ठरवलं तर कुठल्या ना कुठल्या दिवशी ती खाली दिसण्याची शक्यता भलतीच वाढते. १९६९ साली संख्याशास्त्रज्ञ आर्मिटेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा हिशेब मांडला होता. दोन्ही बाजूंत काडीचाही फरक नसताना, सारख्या अंतराने पाच वेळा डोकावलं तर फसण्याची शक्यता ५ टक्क्यांवरून १४ वर जाते. दहा वेळा डोकावलं तर १९ वर. डोकावायचंच असेल तर त्याचीही पद्धत आहे. ओब्रायन आणि फ्लेमिंग यांनी १९७९ मध्ये दिलेल्या नियमात सुरुवातीच्या नजरेला अतिशय कडक अट असते आणि ती पुढेपुढे सैल होत जाते. पण किती वेळा डोकावणार, हे आधीच सांगावं लागतं. "बघू हो, वाटलं तर" या धोरणासाठी अजून तरी सूत्र निघालेलं नाही.

मॅडम विचारतात, "मग मुळात किती लोक घ्यायला हवे होते?" हा प्रश्न आला की मला मनापासून बरं वाटतं, कारण खरी गोम इथे आहे. एक ढोबळ नियम आहे: प्रत्येक बाजूला लागणारे लोक म्हणजे

```
n ≈ 16 * p * (1 - p) / d^2
```

यात `p` म्हणजे आत्ताचा दर आणि `d` म्हणजे जो फरक पकडायचा आहे तो. हा १६ पाच टक्क्यांची पातळी आणि ८० टक्के पॉवर यांतून येतो. पॉवर म्हणजे खरोखर फरक असेल तर तो हाती लागण्याची शक्यता. आपले आकडे घातले तर वर ०.७६, खाली ०.००००३६. उत्तर साधारण २१,०००. प्रत्येक बाजूला! आणि घेतले १०,०००. म्हणजे हिरवं बटण खरोखर ०.६ टक्क्याने चांगलं असतं, तरी या प्रयोगाला ते निम्म्याहून कमी वेळा सापडलं असतं. ज्या प्रयोगाला उत्तर द्यायची ताकदच दिली नाही, त्याला होय की नाही असा जाब विचारायचा, आणि तोही माझ्यातर्फे.

सूत्रात खाली फरकाचा वर्ग आहे, हे ध्यानात येईल. फरक निम्मा पकडायचा म्हटलं तर लोक दुप्पट नाही, चौपट लागतात. हे ऐकलं की प्रॉडक्टवाल्यांच्या चेहऱ्यावर जो भाव येतो, तो बघण्यासारखा असतो. चौपट लोक म्हणजे चौपट आठवडे, आणि तिमाही तर संपत आलेली असते.

एवढ्यात तिसऱ्यांना आठवतं की व्याख्या विचारायची राहिली. "०.०५८ म्हणजे नेमकं काय, साध्या भाषेत सांगा." साध्या भाषेत सांगा, असं सांगणाऱ्याला एकच उत्तर हवं असतं: हिरवं चांगलं असण्याची शक्यता ९४ टक्के. ते उत्तर सुटसुटीत आहे, गोंडस आहे आणि चूक आहे. बरोबर उत्तर एका दमात असं: दोन्ही बटणं मुळात सारखीच असती, तर एवढा किंवा याहून मोठा फरक, कुठल्याही बाजूला, निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता हजारात ५८. बटण चांगलं असण्याची शक्यता या हिशेबात कुठेच काढलेली नाही. बटणं सारखी आहेत हे तर गृहीतच धरलंय.

"म्हणजे तेच ना?" ते म्हणतात.

"नाही," मी म्हणतो. पाणी पितो.

त्यापेक्षा कॉन्फिडन्स इंटरव्हल दाखवलेला बरा. ०.६ च्या दोन्ही बाजूंना १.९६ गुणिले ०.३१७ ठेवा. फरक उणे ०.०२ टक्क्यापासून १.२२ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो. हे वाचून माणसाला लगेच कळतं की तोटा झाला तर नगण्य, फायदा झाला तर बऱ्यापैकी, आणि आपल्याला अजून पुरेसं माहीत नाही. ०.०५ ही रेषा काही आकाशातून पडलेली नाही. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ च्या पुस्तकात सोयीची म्हणून ती सुचवली आणि जगाने ती दगडावर कोरली. ०.०४९ ला टाळ्या आणि ०.०५८ ला सुतक, हे फिशरनाही पटलं नसतं असं माझं आपलं मत.

या सगळ्यात कोपऱ्यात एक बाई बसलेल्या असतात. तासभर काही बोलत नाहीत. लॅपटॉप बंद, हातात कागदसुद्धा नाही. अशा माणसाला भ्यावं. मी मार्कर खाली ठेवतो तेव्हा त्या म्हणतात, "समजा, निळ्याकडे १०,२४० आले आणि हिरव्याकडे ९,७६०. मग?"

आता बाकीच्यांना वाटतं की हा किरकोळ बदल आहे. थोडे इकडे, थोडे तिकडे, टक्केवारी काढली की झालं. पण लोक निम्मे-निम्मे वाटायचे ठरले होते. २०,००० जणांसाठी नाणेफेक केली तर १०,००० पासून साधारण ७१ ने इकडेतिकडे व्हायला हरकत नाही. २४० म्हणजे त्याच्या जवळजवळ साडेतीनपट. योगायोगाने असं दहा हजारांत सातएकदा होईल. म्हणजे वाटणीच बिघडली आहे, आणि वाटणी बिघडली की खरेदीचे आकडे बघायचेसुद्धा नाहीत.

"का बिघडली असेल?" बाई विचारतात. समजा, हिरव्या बटणाचं पान जरा जड आहे. ते उघडेपर्यंत घाईतले लोक निघून गेले आणि त्यांची नोंदच झाली नाही. मागे उरले ते चिवट लोक, ज्यांना काहीही करून खरेदी करायचीच होती. त्यांच्यात खरेदीचा दर जास्त दिसणारच! बटणाने काहीच केलं नाही. उलट गिऱ्हाइकं पळवून त्याने स्वतःची टक्केवारी सुधारून घेतली. बाई पहिल्यांदा हसतात. मुलाखतीत एवढं पुरतं.

शेवटी सर रीतीप्रमाणे म्हणतात, "तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय?"

मी विचारतो, "हा प्रयोग खरा होता का? बटणाचं पुढे काय झालं?"

सर मॅडमकडे बघतात, मॅडम तिसऱ्यांकडे. बाई छताकडे.

"ते होय," सर म्हणतात, "ते आम्ही मागच्याच महिन्यात सगळ्यांना सुरू करून टाकलं. वरच्या साहेबांना हिरवा रंग आवडतो."